गाऱ्यात पायात काय घालावं? गमबूट की रबरी चप्पल



मिरग लागला की पोडापोडावर एकच बोलणं निघते. गटाच्या पैशातून यंदा गमबूट घ्यायचे का? एका गमबुटाच्या जोडीच्या पैशात रबरी चपलांचे तीन-चार जोड येतात, मग घरातल्या सगळ्यांच्याच पायात काहीतरी होईल, असं काहींचं म्हणणं. दुसरे म्हणतात, चपलेनं साप अडत नाही अन् गाराही अडत नाही, घ्यायचे तर बूटच घ्या. काही म्हातारी माणसं दोघांनाही हसतात. "आमचा जन्म उघड्या पायानं गेला," म्हणतात. या भांडणात आमचंही एक मत आहे, ते या अंकात मांडतो.

आपला यवतमाळ जिल्हा कापूस, सोयाबीन, तुरीचा. धानाचा खरा मुलूख म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली अन् चंद्रपूर. पण आपल्याकडंही जंगलाला लागून, नाल्याकाठी खोलगट तुकडे आहेत. तिथं कापूस पाण्यानं सडतो, म्हणून लोक बांधी बांधून धान लावतात. खायचा तांदूळ घरचा होतो. या बांधीतल्या कामाबद्दलच आम्ही बोलतो आहोत, कारण पायाचे सगळ्यात जास्त हाल तिथंच होतात.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. चप्पल घालून बांधीत उतरायचं नाही. तिची जागा धुऱ्यावर, वाटेवर अन् घरी. निंदण, खत टाकणं, रात्री पाणी पाहणं, कापणी या कामांना मापाचे गमबूट घालायचे. राहिला रोवणा. रोवण्यात गमबुटानं काम हळू होते हे खरं आहे, पण ज्यांच्या पायाला जखम किंवा चिखल्या आहेत त्यांनी उघड्या पायानं रोवण्यात उतरूच नये. आता याची कारणं सांगतो.

पहिली गोष्ट पाय धरण्याची. चिखलणी केलेली बांधी म्हणजे वर चार बोटं पाणी, त्याखाली वीतभर मऊ गारा अन् त्याच्याखाली घट्ट जमीन. आपला पाय गाऱ्यातून खाली जाऊन त्या घट्ट थरावर टेकतो. उघड्या पायाची बोटं फाकतात, जमीन चिमटीत धरल्यासारखी धरतात, म्हणून उघडा पाय तिथं सगळ्यात कमी घसरतो. पाय वर काढतानाही बोटांच्या मधून पाणी-हवा खाली शिरते अन् पाय सहज सुटतो. बुटाचा तळ चपटा अन् रुंद असतो. तो गाऱ्यावर बसला की खाली हवा राहत नाही. आपण पाय उचलतो तेव्हा गारा खालून ओढून धरतो. बूट पायाला घट्ट बसत नसेल तर बूट खाली राहतो अन् पाय वर येतो. आपली काळी माती चिकट, म्हणून ही ओढ रेताड जमिनीपेक्षा इथं जास्त.

चपलेचं तर त्याहून वाईट. स्लीपरला पाय फक्त अंगठ्याजवळच्या खुंटीनं धरलेला असतो. गारा तळाला ओढतो, आपण पट्ट्याला ओढतो, अन् खुंटी भोकातून सटकते. मागे पट्टा असलेली रबरी सँडल पायातून निघत नाही, पण टाच अन् तळ यांच्यामध्ये गारा शिरतो. मग सँडलचा तळ जमिनीला धरून राहतो अन् पाय सँडलच्या आतच घसरतो. ओल्या धुऱ्यावर चढताना पडणारे बरेच जण असेच पडतात. तळ झिजून गुळगुळीत झालेली चप्पल तर ओल्या धुऱ्यावर साबणासारखी चालते.

मागच्या आषाढात आम्ही चौघांनी एकाच बांधीत, एकाच ओळीत रोवणा केला अन् मुद्दाम पायात वेगवेगळं घातलं. एक बाई उघड्या पायानं, एक स्लीपर घालून, एक आठ नंबरचे गमबूट घालून. चौथ्या बाईचा पाय पाच नंबरचा. तिच्या पायात पाच नंबरचेच बूट होते अन् घोट्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधली होती. बांधी वीतभर गाऱ्याची होती.

स्लीपरवाली दहा पावलंही गेली नाही, दोन्ही खुंट्या निघाल्या अन् चपला धुऱ्यावर फेकल्या. आठ नंबरवालीला दर पावलाला एका हातानं बुटाची कड धरून पाय उपसावा लागत होता. रोवण्याला दोन हात लागतात, एकात जुडी अन् एकानं रोप खोचायचं. तिचा एक हात बुटातच गुंतला. दोनदा पाय बाहेर आला, तिसऱ्यांदा बुटात पाणी भरलं अन् तिनं बूट काढले. "पाय वर येते अन् बूट तिथंच राहते, मी रोप लावू का बूट शोधू?" हे तिचं म्हणणं. पाच नंबरवाली दुपारपर्यंत टिकली. बूट एकदाही निघाला नाही. पण उघड्या पायाच्या बाईपेक्षा ती मागं पडत गेली. दुसरी अडचण म्हणजे बुटाच्या पावलाचा खड्डा मोठा पडतो अन् त्यात पाणी साचते. रोवणा उलट्या पावलानं होतो, म्हणजे आपण मागं सरतो अन् पुढं आपल्याच पावलांचे खड्डे राहतात. त्या खड्ड्यात खोचलेलं रोप तरंगून वर येते. तिला हातानं खड्डा बुजवून मग रोप लावावं लागलं. उघड्या पायाची बाई सगळ्यात पुढं होती. पण दुपारी तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला अन् दुसऱ्या दिवशी ती रोवण्याला आली नाही.

म्हणून गमबूट वाईट असं आम्ही म्हणत नाही. जो बूट पायाला बसत नाही तो गाऱ्यात निरुपयोगी आहे, एवढंच म्हणतो. अन् बसणारा बूटही रोवण्यापेक्षा बाकीच्या कामात जास्त उपयोगाचा आहे. रोवण्यानंतर तीन-चार आठवड्यांनी निंदण येते तेव्हा गारा बसलेला असतो, जमीन आवळलेली असते, पाऊल खोल जात नाही. तिथं मापाच्या बुटानं काही अडत नाही. जपानमध्ये धान लावणाऱ्यांसाठी वेगळे बूट मिळतात. ते पातळ, मऊ रबराचे असतात, पिंडरीला चिकटून बसतात अन् घोट्यावर पट्टा असतो. आपल्या बाजारात ते दिसत नाहीत. ट्यूबची पट्टी म्हणजे त्याचीच गरिबाची नक्कल. पट्टी घोट्यावर बांधायची, फार आवळायची नाही. पाय बधिर वाटला की लगेच सैल करायची.

दुसरी गोष्ट आरामाची. रोवण्यात कंबर वाकलेली असते. उंच बुटाची वरची कड वाकताना गुडघ्याच्या मागं घासते, संध्याकाळी तिथं लाल पट्टा उठतो. म्हणून बूट गुडघ्याच्या चार बोटं खाली संपणारा पाहिजे. बाजारातले साधे बूट पीव्हीसीचे असतात. ते घेताना तळ हातानं वाकवून पाहा. बोटांच्या जागी वाकत नसेल तर दिवसभर पाय दुखतील. बूट संध्याकाळी घालून पाहा, कारण दिवसभराच्या कामानं पाय फुगलेले असतात. सुती मोजा घालूनच पाहा. चालताना टाच आतल्या आत बोटभरापेक्षा जास्त उचलली तर तो बूट मोठा आहे, घेऊ नका. तळाची नक्षीही पाहा. खोल अन् विरळ खाचा असल्या तर गारा झडतो. बारीक अन् दाट नक्षी एकदा भरली की तळ सपाट होऊन जातो.

पाणी बुटाच्या कडेपासून चार बोटांवर आलं की बूट घालून पुढं जाऊ नये. आत पाणी शिरलं की बूट जड होते, पाय टाकता येत नाही. नाल्याला पूर असेल अन् ओलांडणं टळत नसेल, तर बूट आधी काढून खांद्यावर टाका. भरलेले बूट घालून ओढीच्या पाण्यात पाय सावरत नाही. पूर उतरेपर्यंत थांबणं सगळ्यात बरं.

तिसरी गोष्ट रोगराईची, अन् आमच्या मते सगळ्यात मोठी. इथं बूट अन् चप्पल दोघांचे गुण-दोष वेगळे आहेत.

दिवसभर पाणी लागलं की बोटांच्या मधली कातडी पांढरी पडते, सोलते, मग चिरा पडतात अन् खाज येते. याला आपण चिखल्या म्हणतो. करंगळी अन् तिच्या शेजारच्या बोटांत त्या आधी होतात, कारण तिथं बोटं दाटीनं असतात अन् जागा सुकत नाही. उघड्या पायानं अन् चपलेत चिखल्या होतात त्या बाहेरच्या पाण्यानं. पण गमबुटातही होतात, आतल्या घामानं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बूट काढलाच नाही तर आत पाय भिजलेलाच राहतो. अन् एकाचे बूट दुसऱ्यानं घातले तर चिखल्याही त्याच्याकडं जातात. म्हणून गटाचे सामाईक बूट ही गोष्ट आम्हाला पटत नाही. ज्याचा बूट त्याच्याच पायात. दुपारच्या भाकरीच्या वेळी बूट काढून पाय धुवायचे, बोटांच्या मधून कोरड्या फडक्यानं पुसायचे अन् तेवढा वेळ पाय मोकळे ठेवायचे. चप्पल इथं कामी येते. घरी आल्यावर पाय धुऊन, पुसून चप्पल घालायची, म्हणजे ओल्या अंगणात पुन्हा भिजत नाहीत. चिखल्या झाल्या तर आरोग्य केंद्रात बुरशीचं मलम मिळते. खाज थांबली म्हणून लगेच सोडू नका, सांगितलेले दिवस पूर्ण लावा. रॉकेल किंवा बॅटरीचं पाणी लावणारे आहेत, ते कातडी जाळते अन् चीर आणखी वाढते.

चिखल्या म्हणजे नुसती खाज नाही. त्या चिरेतून दुसरे रोग आत शिरतात. त्यात एक लेप्टो. उंदीर, घूस, कुत्रे, ढोरं यांच्या मुतातून त्याचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात अन् जखमेतून, चिरेतून, पाण्यानं फुगलेल्या कातडीतूनही अंगात जातात. कोकणात सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या भातशेतीत हा रोग नेहमी निघतो. मुंबईत 26 जुलै 2005 च्या पुरानंतर तो पसरला होता. आपल्या बांधीच्या धुऱ्यातही उंदरांची बिळं असतात, म्हणून आपणही सावध राहायचं. बांधीत काम केल्यावर साधारण पाच दिवस ते दोन आठवड्यांत जोराचा ताप आला, पिंडऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर घरी बसू नका अन् दुकानातून तापाची गोळी आणून दिवस काढू नका. डॉक्टरला स्पष्ट सांगा, "मी पाण्याच्या बांधीत काम करतो." हे सांगितलं तर त्यांना लेप्टो सुचते. लवकर औषध मिळालं तर माणूस बरा होतो. डोळे पिवळे झाले अन् लघवी कमी झाली तर उशीर व्हायला लागला, असं समजा.

दुसरा रोग अंकुशकृमीचा, म्हणजे जंतातलाच एक प्रकार. हे जंत उघड्यावरच्या संडासातून ओल्या मातीत येतात अन् पायाच्या कातडीतून आत शिरतात. शिरले तिथं खाज येते. मग ते आतड्यात जाऊन रक्त पितात. आपल्या बायांना थकवा, धाप, पांढरी पडलेली नखं का दिसतात, त्याच्या कारणांपैकी हे एक. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. भरलेल्या पाण्याच्या गाऱ्यात हे जंत फार काळ जगत नाहीत. त्यांना ओली पण हवा लागणारी, सावलीतली माती पाहिजे. म्हणजे धोका बांधीपेक्षा धुऱ्यावर, पाणंदीवर, झुडपाखालच्या वाटेवर अन् बाहेर बसायच्या जागी जास्त. तिथं साधी रबरी चप्पलही बरंच काम करते. उघड्या पायानं रोवणा करणाऱ्या बाईनंसुद्धा बांधीपर्यंतची वाट चप्पल घालूनच चालावी अन् चप्पल धुऱ्यावर काढावी. अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती पोरांना चुकवू देऊ नका.

सापाबद्दल थोडंच सांगतो. शेतातला साप बहुतेक वेळा पायाला किंवा घोट्याला चावतो. धुऱ्याच्या बिळात उंदीर असतात, त्यांच्यामागं साप येतो. रात्री धुरा फुटला म्हणून पाणी पाहायला जाताना अन् कापणीच्या वेळी हा धोका जास्त. तिथं चपलेचा काही उपयोग नाही, तिथं बूटच पाहिजे, हातात उजेड पाहिजे. कापणीनंतरचे उभे खुंटही चपलेतून पायाला टोचतात. अन् सकाळी बूट घालायच्या आधी उलटा करून आपटायचा. रात्री त्यात विंचू जाऊन बसतो.

आपल्या जिल्ह्यात बुटाचा विषय निघाला की 2017 आठवते. त्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-मजूर मेले. तेव्हापासून फवारणीला हातमोजे, तोंडाला मास्क अन् पायात गमबूट घाला असं सगळे सांगतात. फवारणीच्या वेळी पँट बुटाच्या बाहेर सोडायची, आत खोचायची नाही. आत खोचली तर अंगावरून ओघळलेलं औषध सरळ बुटात जाते अन् दिवसभर कातडीला लागून राहते. फवारणीचे बूट वेगळे ठेवता आले तर ठेवा. नसतील तर साबणानं आतून-बाहेरून धुतल्याशिवाय ते धानात घालू नका, अन् झोपायच्या खोलीत तर ठेवूच नका.

ज्यावर आमचा राग आहे ते आता सांगतो. एकदा आमच्या पोडावर गमबूट वाटले गेले. सगळे जोड आठ अन् नऊ नंबरचे. रोवणा अन् निंदण करतात बाया, त्यांचे पाय चार, पाच, फार तर सहा नंबरचे. ते बूट बायांनी दोन दिवस घातले, गाऱ्यात उपसून उपसून कंटाळल्या अन् सोडून दिले. मग लोक म्हणाले, "बायांना बूट चालतच नाहीत." बाया बूट घालत नाहीत असं ज्यांना वाटते त्यांनी आधी नंबर विचारावा. पुढं कोणीही बूट वाटायला आलं, तर ग्रामसभेनं आधी प्रत्येक बाईच्या पायाचं माप घेऊन यादी द्यावी. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं रेघ मारली तरी पुरते. यादीतल्या मापाचे नसतील तर ते बूट घेऊ नयेत.

सांभाळ नीट केला तर जोड जास्त टिकतो. संध्याकाळी बूट आतून धुवायचे, पाणी निथळू द्यायचं, मग आत तनस किंवा जुना कागद कोंबायचा. सकाळी ते ओलं झालेलं काढून टाकायचं. नंतर दोन काड्या रोवून त्यावर बूट उलटे टांगायचे. चुलीजवळ ठेवू नका, पीव्हीसी तापून वाकडं होते अन् तडकते. भोक पडलं का ते पाहायचं असेल तर बुटात पाणी भरून बाहेरून फडक्यानं पुसा, जिथं पुन्हा ओलं होते तिथं भोक आहे. सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन रबराच्या बुटाला धरते, पीव्हीसीला धरत नाही. त्यासाठी पीव्हीसीचाच डिंक लागतो.

आता पैशाचा हिशोब. पैसे थोडे असतील तर आमची सूचना अशी. जी माणसं रात्री पाणी पाहायला जातात, फवारतात अन् कापतात त्यांना मापाचे बूट आधी. त्यांच्या बरोबरीनं ज्या बायांच्या पायाला चिखल्या किंवा जखम आहेत त्यांना. बाकी सगळ्यांना धुऱ्यापर्यंतच्या वाटेसाठी एकेक साधी चप्पल. अन् रोवण्यात ज्या बाईचा पाय फुटलेला आहे तिला त्या दिवशी पऱ्हे उपटण्याचं, जुड्या बांधण्याचं, धुऱ्यावरून जुड्या फेकण्याचं काम द्या. तिची मजुरी कापू नका. पाय बरा झाला की ती पुन्हा ओळीत येईलच.

यंदाच्या मिरगाआधी प्रत्येक पोडानं मापाची यादी करून ठेवावी. जिथं यादी झाली त्यांनी आम्हाला कळवावं, पुढच्या अंकात छापू.